नाभीकडे येणारी वस्तू आणि दूर पळणारी प्रतिमा: सापेक्ष वेग १५ की २५?

प्रश्न: अंतर्वक्र आरसा, f = २० सेमी. वस्तू मुख्य अक्षावरून ५ सेमी/से वेगाने आरशाकडे येतेय. ती आरशापासून ३० सेमीवर असताना प्रतिमेचा वस्तूसापेक्ष वेग किती? मी विशालन २ काढलं, म्हणून प्रतिमेचा वेग १०, आणि दिशा विरुद्ध म्हणून १० + ५ = १५. मित्राने डेरिव्हेटिव्ह घेऊन प्रतिमेचा वेग २० काढला, त्यातून ५ वजा केले, त्याचंही १५. उत्तरसूचीत मात्र २५ आहे. छपाईची चूक आहे का? आणि वस्तू फोकसवर पोचली की प्रतिमेचा वेग अनंत होतो म्हणतात, ते कसं शक्य आहे?

उत्तर:

छपाईची चूक नाही, उत्तर २५ सेमी/से हेच बरोबर आहे. तुम्हा दोघांचं उत्तर जुळलं हा निव्वळ योगायोग आहे, आणि या आकड्यांनी तो घडवून आणलाय. तुमचा प्रतिमेचा वेग चुकला पण दिशेचा विचार बरोबर होता. तुमच्या मित्राचा प्रतिमेचा वेग बरोबर होता पण दिशा चुकली. दोन वेगवेगळ्या चुका एकाच आकड्यावर येऊन थांबल्या. वर्गात हे गणित देताना मी ३० आणि २० हे आकडे शक्यतो टाळते ते याचसाठी: दोघांचं उत्तर सारखं आलं की मुलं पुन्हा तपासत नाहीत.

आधी एक अट. खाली जे लिहितेय ते आरसा स्थिर आहे, वस्तू मुख्य अक्षावरूनच सरकतेय आणि किरण अक्षाच्या जवळचे आहेत, असं धरून. यातलं एखादं गृहीतक बदललं तर काय बदलतं ते ओघात येईलच.

अंतरं नाभीपासून मोजा

आरशाचं सूत्र आपण ध्रुवापासूनच्या अंतरांत लिहितो, त्यामुळे वेगाचा प्रश्न उगाच किचकट दिसतो. या प्रश्नाचं खरं केंद्र नाभी आहे, तर अंतरंही तिथूनच मोजू. काही वेळ चिन्हं बाजूला ठेवू आणि नुसती अंतरं घेऊ. वस्तू नाभीच्या पलीकडे p अंतरावर आहे, म्हणजे p = u − f. प्रतिमा नाभीपासून q अंतरावर आहे, म्हणजे q = v − f. आता 1/u + 1/v = 1/f या सूत्रातून uv = uf + vf मिळतं, आणि (u − f)(v − f) चा गुणाकार सोडवला की उरतं ते एवढंच:

p × q = f²

हे आरशाच्या सूत्राचं न्यूटनच्या नावाने ओळखलं जाणारं रूप. तुमच्या उदाहरणात p = १०, f² = ४००, म्हणून q = ४०, आणि प्रतिमा आरशापासून ६० सेमीवर. विशालनसुद्धा या रूपात सोपं होतं: m = f/p, म्हणजे २०/१० = २. इथपर्यंत तुमचं बरोबरच होतं.

या समीकरणाकडे नीट पाहिलं तर दिशेचा प्रश्न इथेच सुटतो. गुणाकार कायम आहे, म्हणून p कमी झाला की q वाढलाच पाहिजे. वस्तू आरशाकडे सरकली तर प्रतिमा आरशापासून दूर जाणार. दोघांची तोंडं कायम विरुद्ध दिशेला.

वेग m पट नाही, m² पट का

डेरिव्हेटिव्ह घेऊन हे एका ओळीत निघतं, पण तसं केलं की m² नुसता आकाशातून पडल्यासारखा वाटतो. म्हणून आधी डेरिव्हेटिव्हशिवाय पाहू. वस्तू p₁ वरून p₂ वर आली. प्रतिमा q₁ वरून q₂ वर गेली. तर प्रतिमा किती सरकली?

q₂ − q₁ = f²/p₂ − f²/p₁ = f² (p₁ − p₂) / (p₁ p₂)

आता f/p₁ म्हणजे सुरुवातीचं विशालन m₁, आणि f/p₂ म्हणजे शेवटचं विशालन m₂. म्हणजे वरची ओळ असं सांगते:

प्रतिमेचं सरकणं = m₁ × m₂ × वस्तूचं सरकणं

यात कुठेही 'जवळपास' नाही, हे तंतोतंत खरं आहे. वस्तू ३० सेमीवरून २५ सेमीवर आली (एका सेकंदात) तर m₁ = २, m₂ = ४, म्हणून प्रतिमा २ × ४ × ५ = ४० सेमी सरकली पाहिजे. सूत्रातून थेट पाहा: २५ सेमीवर p = ५, q = ८०, प्रतिमा १०० सेमीवर. आधी ती ६० वर होती. बरोबर ४० सेमी.

आता दोन्ही जागा एकमेकींच्या अगदी जवळ आणल्या, तर m₁ आणि m₂ एकच होतात आणि गुणाकार m² होतो. तात्क्षणिक वेगात वर्ग येतो तो असा. त्या एका सेकंदातला प्रतिमेचा सरासरी वेग ४० सेमी/से होता, पण सुरुवातीचा तात्क्षणिक वेग ४ × ५ = २०, आणि शेवटचा १६ × ५ = ८०. हे तीन आकडे वेगवेगळे आहेत हे लक्षात ठेवा. 'एका सेकंदानंतर प्रतिमा कुठे असेल ते काढू आणि आधीच्या जागेतून वजा करू' ही पद्धत मला उत्तरपत्रिकांत वारंवार दिसते. तिथे ४० येतं, आणि ते तात्क्षणिक वेगाच्या दुप्पट असतं. तसं आकड्यांनीच करायचं असेल तर पाऊल लहान घ्या आणि ३० सेमी मध्यभागी ठेवा: वस्तू ३०.५ वरून २९.५ वर आली तर प्रतिमा ५८.१ सेमीवरून ६२.१ सेमीवर जाते. एक सेमीला चार सेमी.

तर ३० सेमीवर असताना प्रतिमेचा वेग २० सेमी/से, आरशापासून दूर. वस्तूचा वेग ५ सेमी/से, आरशाकडे. विरुद्ध दिशा, म्हणून बेरीज: २५ सेमी/से. वस्तूच्या वेगाला V म्हटलं तर सामान्य रूपात

सापेक्ष वेग = (1 + m²) V

१५ का चालणार नाही, हे तुमच्याच आकड्यांवरून

उत्तरसूची न पाहता ही चूक पकडता यायला हवी होती, आणि ते सोपं आहे. तुमच्या पद्धतीने प्रतिमेचा वेग mV धरला तर ३० सेमीवर तो १० येतो आणि २५ सेमीवर २०. मधल्या एका सेकंदात वेग १० ते २० च्या दरम्यान राहिला, तर प्रतिमा जास्तीत जास्त २० सेमी जाऊ शकते. पण आरशाचं सूत्र सांगतं की ती ४० सेमी गेली. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

मित्राची चूक पकडायला वक्रता केंद्र, म्हणजे ४० सेमी, ही जागा उत्तम. तिथे m = १, दोघांचे वेग ५-५, आणि त्याच्या वजाबाकीने सापेक्ष वेग शून्य येईल. आता प्रत्यक्ष जागा पाहा. वस्तू ४५ वर असताना प्रतिमा ३६ वर, अंतर ९ सेमी. एका सेकंदाने वस्तू ४० वर, प्रतिमाही ४० वर, अंतर शून्य. आणखी एका सेकंदाने वस्तू ३५ वर, प्रतिमा साधारण ४६.७ वर, अंतर ११.७ सेमी. दोघी समोरासमोरून येऊन एकमेकींना ओलांडून गेल्या. अशा ओलांडणीच्या क्षणी सापेक्ष वेग शून्य कसा असेल? तो आहे १० सेमी/से, आणि आधीच्या ९ व नंतरच्या ११.७ यांच्या मधोमध तो नीट बसतो. गंमत म्हणजे याच ४० सेमीच्या जागी तुमची mV ची पद्धत बरोबर उत्तर देते, कारण १ चा वर्गही १. म्हणून ही एकच जागा घेऊन तपासलंत तर तुमची चूक लपून राहते. तपासायला नेहमी m = १ नसलेली जागाही घ्या.

मग नुसता m कुठे लागतो?

विशालन म्हणजे उंचीचं गुणोत्तर, म्हणजे अक्षाला काटकोनात असलेल्या लांबीचं. वस्तू ३० सेमीवरच राहून अक्षाला काटकोनात, वर सरकत असेल, तर m बदलत नाही आणि प्रतिमेचा वेग खरोखरच mV असतो, दिशा उलटी म्हणजे खाली. तिथे तुमचे १० सेमी/से बरोबर. अक्षाच्या दिशेने सरकताना मात्र ताण वेगळा पडतो. अक्षावर १ सेमी लांबीची सुई आडवी ठेवली, तिचा मध्य ३० सेमीवर, तर तिची प्रतिमा ४ सेमी लांब येते, २ सेमी नव्हे. तिचं एक टोक दुसऱ्या टोकाच्या जागी न्यायला जितकं सरकवावं लागतं, तितकीच ती लांब आहे. म्हणून लांबीचा ताण आणि वेगाचं गुणोत्तर हे एकच.

या दोन्ही गोष्टी एकत्र कशा येतात हे दाखवणारी एक आकृती मला फार आवडते. अक्षावर १ सेमी उंचीची उभी टाचणी घ्या आणि ती आरशाकडे सरकवा. टाचणीच्या टोकातून अक्षाला समांतर जाणारा किरण काढा. टाचणी कुठेही असली तरी हा किरण तोच राहतो, कारण टोकाची उंची बदलत नाही. तो आरशावर एकाच जागी पडतो आणि परावर्तित होऊन नाभीतून जाणाऱ्या एकाच ठरलेल्या रेषेवरून जातो. म्हणजे टोकाची प्रतिमा कायम त्याच तिरक्या रेषेवर कुठेतरी असणार! सगळा प्रवास त्या एका रेषेवर. त्या रेषेचा चढ १/२० आहे (उंची १, नाभीय अंतर २०), म्हणून अक्षाच्या दिशेने प्रतिमा २० सेमी/से जात असताना अक्षापासून दूर ती १ सेमी/से जाते. टाचणीचं टोक स्वतः वर-खाली हलत नसताना त्याच्या प्रतिमेला मात्र आडवा वेग आहे. प्रश्नात 'वस्तू अक्षावर बिंदूरूप आहे' असं लिहिलेलं असतं ते हा भाग टाळण्यासाठी.

चिन्हांसकट

परीक्षेत कार्टेशियन चिन्ह संकेत वापरायला सांगतात, तेव्हा तेच पुन्हा करू. ध्रुव मूळ बिंदू, वस्तूच्या बाजूची अंतरं ऋण. u = −३०, f = −२०, म्हणून v = −६०. सूत्राचं वेळेसापेक्ष डेरिव्हेटिव्ह घेतलं की

dv/dt = −(v²/u²) × du/dt

वस्तू आरशाकडे येतेय, म्हणजे u हा −३० वरून −२९ कडे जातोय, म्हणून du/dt = +५. मग dv/dt = −४ × ५ = −२०. प्रतिमेचा वस्तूसापेक्ष वेग म्हणजे प्रतिमेच्या वेगातून वस्तूचा वेग वजा: −२० − (+५) = −२५. ऋण चिन्ह सांगतं की वस्तूवर बसून पाहिलं तर प्रतिमा आरशापासून दूर जाणाऱ्या दिशेने जातेय. मित्राने बहुधा −२० मधलं चिन्ह आधीच पुसून टाकलं आणि मग वजाबाकी केली. वजाबाकीची खूण एकदाच वापरायची असते: चिन्हं ठेवून वजाबाकी करा, किंवा चिन्हं काढून दिशा पाहून बेरीज करा. दोन्हींचं मिश्रण झालं की १५ येतं.

v²/u² हा कायम धन असतो, म्हणून dv/dt आणि du/dt यांची चिन्हं कायम विरुद्ध. वस्तू नाभीच्या आत शिरली, प्रतिमा आभासी झाली, तरी हे बदलत नाही. मुलांना इथे नेहमी शंका येते, म्हणून तेही आकड्यांत पाहू. वस्तू १५ सेमीवर आली की प्रतिमा आरशाच्या मागे ६० सेमीवर, m पुन्हा ४. वस्तू १० सेमीवर आली की प्रतिमा मागे २० सेमीवर. म्हणजे वस्तू पुढून आरशाकडे येतेय आणि आभासी प्रतिमा मागून आरशाकडे येतेय. दिशा विरुद्धच. शेवटी वस्तू आरशाला टेकते तेव्हा m = १ होतं आणि सापेक्ष वेग २V. सपाट आरशात तो कायम एवढाच असतो.

आरसाच हलत असेल तर? वरचे सगळे वेग आरशासापेक्ष आहेत असं समजा, एवढंच. समजा वस्तू स्थिर आहे आणि आरसा ५ सेमी/से वेगाने तिच्याकडे सरकतोय. आरशासापेक्ष प्रतिमा २० सेमी/से ने दूर जातेय, आणि आरसा स्वतः त्याच दिशेने ५ ने जातोय, म्हणून जमिनीसापेक्ष प्रतिमेचा वेग २५. वस्तू स्थिर, म्हणून सापेक्ष वेगही २५. प्रतिमेचा नुसता वेग विचारला तर आरसा हलतो की वस्तू यावर उत्तर अवलंबून असतं, २० किंवा २५. वस्तूसापेक्ष विचारला तर दोन्हीकडे २५. म्हणून प्रश्नातला 'सापेक्ष' हा शब्द कशाला जोडलाय ते आधी वाचा.

नाभीजवळ काय होतं

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. वस्तू त्याच ५ सेमी/से वेगाने येत राहिली तर आकडे असे वाढतात. ६० सेमीवर प्रतिमेचा वेग सव्वा सेमी/से, म्हणजे वस्तूच्या चौथाई. ४० वर ५. ३० वर २०. २५ वर ८०. २२ वर m = १०, म्हणून वेग ५०० सेमी/से, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. २१ वर सेकंदाला २० मीटर. २०.१ सेमीवर, नाभी फक्त एक मिलिमीटर दूर असताना, m = २००, प्रतिमा सुमारे ४० मीटरवर आणि तिचा वेग सेकंदाला २ किलोमीटर. नाभीपासूनचं अंतर निम्मं झालं की वेग चौपट होतो, आणि याला कागदावर कुठेही अडथळा नाही.

प्रयोगशाळेत याचा परिणाम फार लवकर जाणवतो. ऑप्टिकल बेंचवर वस्तू २२ सेमीच्या आसपास ठेवून पडदा हलवणारा विद्यार्थी हमखास तक्रार करतो की आरसा खराब आहे, दरवेळी वेगळं v येतंय. आरसा ठीक असतो. तिथे m² = १०० आहे, म्हणून वस्तूची जागा वाचताना १ मिलिमीटरची चूक झाली की प्रतिमा १० सेमी इकडेतिकडे जाते. नाभीय अंतरातली चूकही तशीच फुगते. खरं f २०.२ सेमी आहे आणि तुम्ही २० धरलंय असं समजा. ३० सेमीवर m² ४ च्या ऐवजी सव्वाचार निघेल, त्याने फारसं बिघडत नाही. पण २२ सेमीवर m² १०० च्या ऐवजी १२६ निघेल. म्हणून m² चा नियम बेंचवर पडताळायचा असेल तर वस्तू २८ ते ५० सेमी या पट्ट्यात ठेवा, छोटी पावलं घ्या, आणि प्रत्येक जागी p आणि q यांचा गुणाकार तपासा. तो सगळीकडे सारखा येत नसेल तर f चुकीचं धरलंय, आणि वस्तू नाभीच्या जितकी जवळ, तितका फरक जास्त दिसेल. त्या फरकावरून f दुरुस्तही करता येतं.

'अनंत' म्हणजे नेमकं काय

वस्तू बरोबर नाभीवर असते तेव्हा p = ० आणि f/p ला काही अर्थच नाही. परावर्तित किरण समांतर जातात, कुठेच मिळत नाहीत, त्यामुळे त्या क्षणी प्रतिमेला जागा नाही. जिला जागा नाही तिला वेगही नाही. बहुपर्यायी प्रश्नात 'अनंत' हा पर्याय असेल तर तो खुशाल निवडा, पण त्याचा अर्थ 'नाभीच्या पुरेसं जवळ गेलं तर वेग हव्या त्या आकड्यापलीकडे नेता येतो' एवढाच घ्यायचा.

आता भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे कुठे तुटतं? पहिली मर्यादा आरशाच्या गोलपणाची, आणि ती लोकांच्या कल्पनेपेक्षा बरीच आधी येते. तुमचा आरसा गोलीय असेल आणि त्याचा व्यास ५ सेमी असेल, तर काठावरून परावर्तित होणाऱ्या समांतर किरणांची नाभी मधल्या किरणांच्या नाभीपेक्षा सुमारे ०.४ मिलिमीटर आरशाच्या जवळ असते. ३० सेमीवर याने काही बिघडत नाही. पण वस्तू २०.१ सेमीवर असताना मधल्या किरणांच्या हिशेबाने p = १ मिलिमीटर आणि काठाच्या किरणांच्या हिशेबाने साधारण १.४ मिलिमीटर. मधले किरण ४० मीटरवर एकत्र येतात, काठाचे सुमारे २९ मीटरवर. प्रतिमा अकरा मीटर लांबीच्या पट्ट्यात पसरलीय, आणि आपण तिचा वेग सेकंदाला २ किलोमीटर असा ठामपणे सांगतोय! त्या आकड्याला आता फारसा अर्थ उरलेला नाही. आरशाचा काठ काळ्या कागदाने झाकून फक्त मधला भाग उघडा ठेवला तर ही अडचण कमी होते. परवलयी आरसा घेतला तर नाभीजवळच्या, अक्षावरच्या बिंदूसाठी ती जवळजवळ नाहीशी होते.

परवलयी आरसा घेतला तरी दुसरी मर्यादा राहते, प्रकाशाच्या तरंगरूपाची. ५ सेमी व्यास आणि २० सेमी नाभीय अंतर असलेल्या आरशासाठी वस्तू नाभीपासून सुमारे १८ मायक्रॉनच्या आत आली की ती नाभीवर आहे की थोडी अलीकडे, हे परावर्तित प्रकाशावरून सांगताच येत नाही. काठ झाकून आरसा लहान केला तर गोलपणाची अडचण कमी होते, पण ही वाढते. दोन्ही एकदम मिटवता येत नाहीत.

आणि प्रकाशाच्या वेगाचं काय? वरच्या सूत्राने हिशेब केला तर प्रतिमेचा वेग प्रकाशाएवढा व्हायला वस्तू नाभीपासून सुमारे २.६ मायक्रॉनवर असावी लागते, आणि प्रतिमा तेव्हा साधारण साडेपंधरा किलोमीटर दूर असते. हे १८ मायक्रॉनच्या बरंच आत आहे, म्हणजे तिथे पोचण्याआधीच 'प्रतिमेची जागा' ही कल्पना सुटलेली असते. तरी समजा आरसा कितीही मोठा आणि निर्दोष घेतला. तेव्हाही सूत्रात एक गोष्ट आपण गृहीत धरलीय: वस्तू हलली की प्रतिमा तत्क्षणी हलते. प्रत्यक्षात वस्तूकडून निघालेला प्रकाश आरशापर्यंत आणि तिथून प्रतिमेच्या जागेपर्यंत जायला वेळ घेतो, आणि प्रतिमा जितकी दूर तितका तो वेळ जास्त. वस्तू नाभीकडे येत असताना प्रत्येक पुढची जागा दूर असल्यामुळे तिथे प्रकाश अधिक उशिरा पोचतो. सूत्रातून आलेल्या वेगाला w म्हटलं, प्रकाशाच्या वेगाला c म्हटलं, आणि वस्तूचा वेग c च्या तुलनेत नगण्य मानला, तर पडद्यांवर खरोखर नोंदवला जाणारा प्रतिमेचा वेग असा येतो:

w / (1 + w/c)

w लहान असेल तर हा w एवढाच आहे. तुमच्या २० सेमी/से साठी फरक मोजण्यासारखा नाही. w कितीही वाढवला तरी हा c च्या जवळ जातो, पण c ओलांडत नाही.